फोटोतली रांग, समितीतली निवड: क्रम नक्की कुठे मोजायचा? (पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन)

निशिगंध

मुलगा अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या वर्कशीटमधल्या एका गणितावर तो अडलाय. कागद परत जमा करायचा होता म्हणून त्याने मोबाइलवर फोटो काढून आणला, पण फोटोची उजवी कड कापली गेली आहे. जेवढं वाचता येतं तेवढं टंकते:

*स्नेहसंमेलनाच्या समितीत ५ मुली आणि ४ मुलगे आहेत. त्यांतून ३ मुली आणि २ मुलगे निवडून, त्यांना एका ओळीत उभे करून फोटो काढायचा आहे.*
*(अ) ५ जणांची निवड किती प्रकारे होईल?*
*(ब) दोन मुलगे शेजारी-शेजारी नसतील असे वेगवेगळे फोटो किती?*
*(क) (ब) मधील अट पाळून, मीरा ही मुलगी आणि ओंकार हा मुलगा …… नसतील असे फोटो किती?*

(क) मध्ये टिंबं दिली आहेत तिथले शब्द कापले गेलेत. खाली उत्तरं छापली आहेत: (अ) ६०, (ब) ४३२०. (क) च्या उत्तराचा फक्त पहिला अंक ३ दिसतो आणि त्यापुढे अजून काही अंक असावेत.

(अ) त्याला आलं. (ब) पासून गोंधळ आहे. एकाच गणितात निवडही आहे आणि रांगही आहे, मग P वापरायचा की C? "क्रमाला महत्त्व असेल तर P" हे वाक्य त्याला पाठ आहे. पण महत्त्व आहे की नाही हे ठरवायचं कसं, ते कुणी नीट सांगेल का? माझं बी.कॉम. होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मी फार पुढे जाऊ शकत नाही.

पक्या_नाशिककर

ताई, सोपं आहे. (अ) मध्ये नुसती निवड, म्हणून ५C३ × ४C२ = १० × ६ = ६०. बरोबर.

(ब) मध्ये फोटो आहे, म्हणजे ओळ आहे, म्हणजे क्रम आला. म्हणून C च्या जागी P. ५P३ = ६०, ४P२ = १२. आता उभं करायचं. आधी ३ मुली उभ्या करा, ३! = ६ प्रकार. त्यांच्या मधल्या आणि दोन्ही टोकांच्या मिळून ४ फटी होतात. दोन मुलगे त्यांतल्या दोन वेगळ्या फटींत, ४ × ३ = १२ प्रकार. उभं करण्याचे एकूण ६ × १२ = ७२.

सगळं गुणलं: ६० × १२ × ७२ = ५१,८४०.

छापील ४३२० चुकलंय. क्लासच्या वर्कशीटमध्ये असं होतं, फार मनावर घेऊ नका.

जुना_मास्तर

पक्या, फटींचा भाग अगदी बरोबर मांडलात. ७२ हा आकडा पक्का. पण गुणाकार संपल्यावर एक गोष्ट बघा. अट काहीच नाही असं समजा: ९ जणांतून कुणीही ५ घ्या आणि ओळीत उभे करा. पहिल्या जागेवर ९ पर्याय, मग ८, ७, ६, ५. एकूण १५,१२०. जगात या नऊ जणांच्या पाच-पाचच्या ओळी एवढ्याच. अटी घातल्या की त्यातल्या काही ओळी बाद होतात. वाढणार कुठून? तुमचं उत्तर ५१,८४० आहे.

मुलांना मी हे पहिल्या तासालाच सांगायचो. उत्तर आलं की अटी काढून टाकून तोच प्रश्न सोडवा. अटींसकटचं उत्तर बिनअटीच्या उत्तरापेक्षा मोठं आलं, तर कुठेतरी तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली गेली आहे. उत्तरपत्रिका जवळ नसतानाही ही चूक पकडता येते.

आता ती कुठे मोजली गेली ते शोधू. समजा निवडीत मीरा, आशा, रेखा या मुली आल्या. ५P३ लिहिलंत तेव्हा "मीरा, आशा, रेखा" आणि "आशा, रेखा, मीरा" या दोन वेगळ्या निवडी धरल्या. अशा सहा. मग त्या प्रत्येक निवडीसाठी मुली ओळीत उभ्या केल्या, पुन्हा ३! ने. पहिल्या निवडीतून रेखा-मीरा-आशा अशी ओळ तयार होते, दुसऱ्या निवडीतूनही तीच ओळ तयार होते. फोटो एकच, मोजला सहा वेळा. मुलग्यांच्या बाबतीत तसंच, २! म्हणजे दोन वेळा. सहा दुणे बारा. ५१,८४० ला १२ ने भागा, ४३२० मिळतात. वर्कशीट बरोबर आहे.

निशिगंधताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. संपूर्ण गणिताला "हे P चं" किंवा "हे C चं" असं लेबल लावू नये. गणिताच्या प्रत्येक टप्प्याला विचारावं. शाळेच्या फोटोखाली नावं छापतात ना, "उभे, डावीकडून: …" अशी? दोघांची अदलाबदल केली आणि ती नावांची ओळ बदलावी लागली, तर क्रम मोजायचा. समितीत कोण आहेत एवढंच विचारलं असेल तर फोटोखालची ओळ अजून लिहिलीच गेलेली नाही, त्यामुळे अदलाबदलीने काहीच बदलत नाही. (ब) मध्ये पहिला टप्पा निवडीचा: ६०. दुसरा टप्पा उभं करण्याचा: ७२. क्रम फक्त दुसऱ्या टप्प्यात, आणि एकदाच. ६० × ७२ = ४३२०.

हिरवीगार

मला वाटतं याला २ ने भागायला हवं. आम्ही शिकलो होतो की माळेतले मणी असतील तर माळ उलटी करता येते, म्हणून निम्मे होतात. फोटोही उलटा करता येतोच की. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तर डावं-उजवं उलट दिसतं.

जुना_मास्तर

माळेचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण ते इथे लागू होत नाही. माळ टेबलावर ठेवली, उचलून पालथी ठेवली, तरी तीच माळ राहते आणि कुठली बाजू खरी हे कुणी ठरवलेलं नसतं. फोटोतल्या माणसांना डावं टोक आणि उजवं टोक आहे. मीरा डाव्या टोकाला आणि मीरा उजव्या टोकाला हे दोन वेगळे फोटो, कारण ओळ उलटी करायची तर मधला सोडून बाकी चौघांना जागा सोडून हलावं लागेल. कॅमेऱ्याने आरसा दाखवला तर ते एकाच मांडणीचं उलटं चित्र झालं, नवी मांडणी नाही आणि जुनी रद्दही नाही. प्रश्न मांडण्यांबद्दल आहे.

गोल टेबलाभोवती बसवण्याची गणितं आली की फिरवण्याचा विचार करायचा. ओळीला सुरुवात असते, म्हणून भागाकार नाही.

पक्या_नाशिककर

मास्तर, १५,१२० चा मुद्दा पटला. पण P वापरणं मुळात चूक होतं हे मी मान्य करत नाही. P वापरूनही ४३२० येतात, बघा.

आधी माणसं विसरा. पाच जागा आहेत. कुठल्या दोन जागा मुलग्यांच्या हे ठरवा. जागांना १ ते ५ नंबर दिले तर शेजारी नसलेल्या जोड्या: १-३, १-४, १-५, २-४, २-५, ३-५. सहा. आता मुलींच्या तीन जागा ठरल्या आहेत, त्यांत ५ पैकी ३ मुली भरा: डावीकडच्या जागेला ५ पर्याय, मग ४, मग ३, म्हणजे ५P३ = ६०. मुलग्यांच्या दोन जागांत ४P२ = १२.

६ × ६० × १२ = ४३२०.

यात C कुठेच नाही.

जुना_मास्तर

ही मांडणी सुरेख आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. इथे P चालतो कारण निवडणं आणि जागेवर उभं करणं ही दोन्ही कामं P ने एका दमात केली. त्यानंतर तुम्ही पुन्हा ३! ने गुणलं नाहीत. क्रमाची किंमत एकदाच भरली. आधी C ने निवडून नंतर फॅक्टोरियलने उभं करा, किंवा जागा ठरवून P ने थेट भरा. दोन्ही वाटा बरोबर. P ने निवडून पुन्हा फॅक्टोरियल लावलं की पैसे दोनदा दिले गेले.

कोकणचा_कार्यकर्ता

थोडं वेगळं विचारतो. आमच्या गणेशोत्सव मंडळात १२ जण आहेत. दरवर्षी पाच जणांची कार्यकारिणी करतो: अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि दोन साधे सदस्य. इथे कुणी ओळीत उभं राहत नाही, मग हे C च ना? १२C५ काढलं तर ७९२ येतं. आमचा एक पोरगा म्हणतो ९५,०४०. एवढा फरक कसा?

जुना_मास्तर

दोघांचीही उत्तरं या प्रश्नाची नाहीत. ओळ नाही म्हणून क्रम नाही असं होत नाही. अध्यक्ष आणि खजिनदार यांची अदलाबदल केली तर मंडळाच्या पत्रकावरची नावं बदलतील की नाही? बदलतील. म्हणजे ती तीन पदं तीन वेगळ्या जागा आहेत: १२ × ११ × १० = १,३२०. पण उरलेल्या दोन साध्या सदस्यांची अदलाबदल केली तर काहीच बदलत नाही. उरलेल्या ९ मधून २, म्हणजे ३६. एकूण १,३२० × ३६ = ४७,५२०.

तुमच्या पोराने पाचही जागा वेगळ्या धरल्या, म्हणून त्याचं उत्तर बरोबर दुप्पट आलं. तुम्ही पाचही सारख्या धरल्या. एकाच गणितात काही जागांना क्रम असतो, काहींना नसतो.

कोकणचा_कार्यकर्ता

दोन सदस्यांपैकी एकाला "ज्येष्ठ सदस्य" म्हणायचं ठरवलं तर मग ९५,०४० होतील?

पक्या_नाशिककर

हो. पद वेगळं झालं की जागा वेगळी झाली.

बोरू

यावरून आठवलं. संध्येत "केशवाय नमः, नारायणाय नमः" अशी चोवीस नावं घेतात. ती चोवीसच का? विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं असतात आणि कुठलं कुठल्या हातात यावरून मूर्तीचं नाव ठरतं. चार वस्तू चार हातांत ठेवण्याचे ४! = २४ प्रकार. आयुधं तीच, हात बदलला की मूर्ती दुसरी.

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या लीलावतीत हाच प्रश्न घातला आहे. शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं आपसात बदलून किती मूर्तिभेद होतील? आणि हरीच्या चार आयुधांचे किती? उत्तरं ३६,२८,८०० आणि २४. त्याच ग्रंथात सहा रसांचं उदाहरण आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतले एक, दोन, तीन असे रस घेऊन व्यंजनाचे किती प्रकार होतील? तिथे ६, १५, २०, १५, ६, १ अशी उत्तरं येतात, एकूण ६३. पदार्थात आधी आंबट घातलं की आधी गोड, याची तिथे दखल नाही. एकच ग्रंथकार हातांसाठी क्रम मोजतो, रसांसाठी मोजत नाही, आणि दोन्ही ठिकाणी कारण उदाहरणातच दिसतं.

स्वयंपाकघर

आधी गूळ की आधी चिंच याने आमटीच्या चवीत फरक पडतो हो!

बोरू

पडत असेल तर २० च्या जागी १२० लिहावे लागतील, म्हणजे तीन रस घेतले तेव्हाचे. प्रश्न विचारणारा काय वेगळं मानतो यावर सगळं अवलंबून आहे.

रुजुता_११वी

काका, मी पण अकरावीतच आहे. आमच्या सरांनी (ब) वेगळ्या पद्धतीने केलं होतं. पाच जणांच्या सगळ्या ओळी ५! = १२०. त्यांतून दोन मुलगे शेजारी असलेल्या वजा करायच्या: दोघांना एकत्र बांधून एक माणूस समजायचं, मग ४ वस्तू, ४! = २४, आणि आत दोघांची अदलाबदल २, म्हणून ४८. १२० − ४८ = ७२. हे चालेल ना? फटींपेक्षा मला हे सोपं वाटतं.

जुना_मास्तर

इथे चालेल, आणि ७२ च येतं. पण मुलगे दोनच आहेत म्हणून चालतं. ३ मुली आणि ३ मुलगे असे सहा जण घे आणि "कुठलेही दोन मुलगे शेजारी नकोत" अशी अट घाल. बांधून वजा करायच्या पद्धतीने मुलं काय करतात? ६! − ३! × ४! = ७२० − १४४ = ५७६. फटींच्या पद्धतीने: मुली ३! = ६, मुलगे चार फटींपैकी तिनात, ४ × ३ × २ = २४. एकूण १४४.

५७६ मध्ये काय शिरलं? "तिघे मुलगे एकत्र" एवढ्याच ओळी वजा झाल्या. दोघे शेजारी आणि तिसरा लांब, अशा ओळी तशाच राहिल्या, आणि त्या तर अटीत बसत नाहीत. दोन मुलग्यांच्या बाबतीत "सगळे एकत्र नाहीत" आणि "कुठलेही दोन शेजारी नाहीत" ही वाक्यं एकाच अर्थाची होतात. तिघे झाले की अर्थ वेगळे होतात.

म्हणून "शेजारी नकोत" दिसलं की ज्यांच्यावर अट नाही त्यांना आधी उभं करावं आणि ज्यांना वेगळं ठेवायचं त्यांना फटींत सोडावं. उलटं केलंस, म्हणजे मुलगे आधी आणि मुली फटींत, तर दोन मुलग्यांमधली फट रिकामी राहू शकते आणि मग ते शेजारी येतात.

निशिगंध

मास्तर, (ब) त्याला पूर्ण समजलं. पक्यांची जागांची पद्धत त्याला जास्त आवडली. आता (क) बद्दल. टिंबांच्या जागी काय असेल? तो म्हणतो "फोटोत एकत्र नसतील" असं असावं. मला वाटतं "शेजारी नसतील" असं असेल, कारण (ब) मध्येही शेजारीच आहे.

जुना_मास्तर

दोन्ही सोडवून बघू. यातही तोच धडा आहे: अट निवडीवर आहे की उभं राहण्यावर?

आधी मुलाचा अर्थ घेऊ, दोघे एकाच फोटोत नकोत. ही अट पहिल्या टप्प्यावर आहे. दोघेही येतात अशा निवडी किती? मीरा ठरली, उरलेल्या ४ मुलींतून २: ६. ओंकार ठरला, उरलेल्या ३ मुलग्यांतून १: ३. अशा १८ निवडी बाद. ६० − १८ = ४२ उरल्या. उभं करण्याचे ७२ जसेच्या तसे. ४२ × ७२ = ३,०२४.

आता तुमचा अर्थ. दोघे फोटोत असले तरी चालतील, शेजारी नकोत. ४२ निवडींत दोघे एकत्र नाहीतच, त्यांना अटीने काही फरक पडत नाही: ३,०२४ फोटो. उरलेल्या १८ निवडींत दोघे आहेत. तिथे ७२ पैकी ज्या ओळींत मीरा ओंकारशेजारी आहे त्या काढायच्या.

इथे पक्यांच्या सहा जोड्या कामाला येतात. ओंकार कुठल्या तरी मुलग्याच्या जागेवर आहे. त्याच्या शेजारी दुसरा मुलगा येऊ शकत नाही, म्हणून त्याचे सगळे शेजार मुलींचेच. टोकाला उभा असेल तर एक शेजार, आत असेल तर दोन. १-३ या जोडीत तो १ वर असेल तर १ शेजार, ३ वर असेल तर २, मिळून ३. असंच १-४ ला ३, १-५ ला २, २-४ ला ४, २-५ ला ३, ३-५ ला ३. बेरीज १८. मीरा त्या शेजारच्या जागेवर, उरलेल्या दोन मुली उरलेल्या दोन जागांवर २ प्रकारे. १८ × २ = ३६ ओळी शेजारच्या. ७२ − ३६ = ३६ चालणाऱ्या.

१८ × ३६ = ६४८. एकूण ३,०२४ + ६४८ = ३,६७२.

कोडवाला

संगणकावर सगळ्या १५,१२० ओळी तपासून पाहिल्या. ज्यांना स्वतः पडताळायचं असेल त्यांच्यासाठी. M म्हणजे मीरा, O म्हणजे ओंकार.

```python
from itertools import permutations

girls, boys = "MABCD", "OPQR"
a = b = c = 0
for row in permutations(girls + boys, 5):
    g = [x in girls for x in row]
    if sum(g) != 3:
        continue
    if any(not g[i] and not g[i+1] for i in range(4)):
        continue
    a += 1
    if not ("M" in row and "O" in row):
        b += 1
        c += 1
    elif abs(row.index("M") - row.index("O")) > 1:
        c += 1
print(a, b, c)
```

उत्तर येतं `4320 3024 3672`. मास्तरांचे तिन्ही आकडे जुळतात.

पक्या_नाशिककर

आणि ३,०२४ आणि ३,६७२ दोन्ही ३ नेच सुरू होतात. म्हणजे फोटोतल्या त्या एका अंकावरून काहीच ठरत नाही.

निशिगंध

हो ना! मुलाला सांगितलंय की मित्राकडून मूळ वर्कशीट बघून ये. तोपर्यंत वहीत दोन्ही लिहितोय, वर कुठला अर्थ घेतला ते नोंदवून.

रुजुता_११वी

काका, आमच्या सराव प्रश्नांत याच आकड्यांवर एक आहे. ५ मुली आणि ४ मुलग्यांतून ५ जण निवडायचे, त्यांत कमीत कमी ३ मुली हव्यात. फोटो नाही, नुसती निवड. मी आधी ३ मुली निवडल्या, १०. मग उरलेल्या ६ जणांतून कुणीही २, १५. १० × १५ = १५०. पुस्तकात ८१ आहे. इथे तर मी P वापरलाच नाही, सगळीकडे C आहे. तरी जास्त का आलं?

जुना_मास्तर

तू P लिहिला नाहीस, पण क्रम मागच्या दाराने आत आलाय. तुझ्या पद्धतीत "आधी निवडलेल्या तीन मुली" आणि "नंतर आलेले दोघे" असे दोन गट झाले. समजा शेवटी मीरा, आशा, रेखा, सुमन आणि ओंकार अशी समिती झाली. आधीच्या तीन कुठल्या? मीरा-आशा-रेखा आधी आणि सुमन नंतर, किंवा मीरा-आशा-सुमन आधी आणि रेखा नंतर, असं चार प्रकारे होतं. समिती एक, मोजली चार वेळा. पाचही मुली असलेली समिती तर १० वेळा मोजली गेली.

हिशेब जुळवून बघ. ३ मुली आणि २ मुलगे: ६० समित्या, एकेकदा. ४ मुली आणि १ मुलगा: ५ × ४ = २० समित्या, चार-चार वेळा, ८०. ५ मुली: १ समिती, दहा वेळा. ६० + ८० + १० = १५०. तुझं उत्तर तंतोतंत सापडलं. प्रत्येक समिती एकदाच मोजली की ६० + २० + १ = ८१.

इथेही बिनअटीची मर्यादा वापरून बघ. ९ मधून ५ निवडण्याचे १२६ प्रकार. तुझे १५० त्याच्या वर गेले, तिथेच संशय यायला हवा. पण लक्षात ठेव, ही कसोटी चूक दाखवते, बरोबर असल्याची हमी देत नाही. दुहेरी मोजणी थोडीच झाली असेल तर उत्तर मर्यादेच्या आतही राहू शकतं. "कमीत कमी" दिसलं की प्रकरणं वेगळी पाडावीत, म्हणजे नेमक्या ३, नेमक्या ४, नेमक्या ५. किंवा नको असलेली प्रकरणं कमी असतील तर एकूणातून वजा करावीत.

रुजुता_११वी

वजा करून पण केलं. २ मुली: १० × ४ = ४०, १ मुलगी: ५ × १ = ५, आणि मुलगेच ५ होऊ शकत नाहीत कारण ४ च आहेत. १२६ − ४५ = ८१. आलं!

हिरवीगार

एक शंका. आमच्या शाळेच्या फोटोत कधी एकच ओळ नसायची. पुढे दोघे खुर्चीवर आणि मागे तिघे उभे असतील तर (ब) चं उत्तर तेच राहील का?

पक्या_नाशिककर

जागांनी करतो. पाच जागांतून मुलग्यांसाठी दोन, एकूण १० जोड्या. खुर्च्यांची शेजारची जोडी १, उभ्यांच्या शेजारच्या जोड्या २. त्या तीन काढल्या, ७ उरल्या. ७ × ६० × १२ = ५,०४०. ४३२० पेक्षा जास्त, कारण ओळ तुटल्यामुळे शेजार कमी झाले.

रुजुता_११वी

इथे फटींची पद्धत कशी लावायची? पुढे किती मुली आणि मागे किती हेच ठरलेलं नाही.

जुना_मास्तर

लावता येते, पण पुढे ०, १ की २ मुली अशी प्रकरणं पाडावी लागतील. खुर्च्यांवर दोघेही मुलगे तर अटीत बसतच नाहीत, म्हणून उरतात दोन. पुढे १ मुलगी आणि १ मुलगा असेल तर मागे २ मुली आणि १ मुलगा, तिथे अट आपोआप पाळली जाते: २ × ३ = ६ जोड्या. पुढे २ मुली असतील तर मागे १ मुलगी आणि २ मुलगे, आणि मुलगी मधे हवी: १ जोडी. मिळून ७, पक्यांचेच. जागा सरळ एका ओळीत नसतील तेव्हा पक्यांची पद्धत सोपी पडते.

एक मात्र राहतं. खुर्चीवरच्या मुलग्याच्या थेट मागे दुसरा मुलगा उभा असेल तर ते "शेजारी" का? मी वर धरलेलं नाही. धरायचं असेल तर मागचे तिघे पुढच्या दोघांच्या नेमके मागे आहेत की मधल्या जागेत, हे आधी ठरवावं लागेल, आणि त्यावर आकडा बदलेल.

हिरवीगार

आमच्या फोटोत मागचे मधल्या जागेत उभे असायचे, चेहरे दिसावेत म्हणून.

पक्या_नाशिककर

मग पुढच्या प्रत्येक खुर्चीला मागचे दोन-दोन शेजार. चार जोड्या आणखी बाद, ७ च्या ३ राहतात. ३ × ७२० = २,१६०. पण तिरकं मागे उभं राहणं म्हणजे शेजार हे मला पटत नाही.

निशिगंध

मुलगा म्हणतोय की तिरकं धरायचंच. मित्राची वर्कशीट उद्या मिळेल, (क) चे कापलेले शब्द दिसले की इथे टाकते.